उष्ण हवेत पळताना रक्त कुणाला मिळतं, स्नायूंना की त्वचेला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अर्धा तास ते दोन तास सलग पळणाऱ्यांकडून येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. सायकलिंग, फुटबॉल किंवा भर उन्हातलं शेतकाम यांनाही शरीराचं गणित तेच लागू होतं. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून सगळीकडे एकच उदाहरण वापरलं आहे: 60 किलो वजनाचा धावपटू, तासाला 10 किलोमीटर वेग.

स्नायू आणि त्वचा यांच्यात रक्तासाठी ओढाताण होतेच कशाला?

स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात तिचा पाचवा, फार तर चौथा भाग हालचालीच्या कामी येतो. बाकी सगळी उष्णता होते. ही उष्णता मांडीच्या आणि पोटरीच्या स्नायूंत खोलवर तयार होते, पण ती शरीराबाहेर टाकायची जागा त्वचा आहे. तिथवर तिला वाहून नेतं ते रक्त. म्हणजे पळताना रक्तावर दोन कामं येतात: स्नायूंना ऑक्सिजन पोचवायचा आणि स्नायूंतली उष्णता त्वचेपर्यंत न्यायची. त्वचेतून फिरणारं रक्त त्या क्षणी स्नायूंच्या उपयोगाचं नसतं.

शांत बसलेलं असताना हृदय मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त फिरवतं. त्यातलं जेमतेम एक लिटर स्नायूंना जातं आणि त्वचेला अर्ध्या लिटरहूनही कमी. नियमित व्यायाम करणाऱ्या, पण व्यावसायिक खेळाडू नसलेल्या माणसाचं हृदय पूर्ण जोर लावून मिनिटाला 20 लिटरच्या आसपास रक्त फिरवू शकतं. जोराच्या व्यायामात स्नायू यातलं 80 टक्क्यांहून जास्त ओढून घेऊ शकतात. दुसरीकडे, नुसतं बसवून अंग खूप तापवलं तर एकट्या त्वचेतला प्रवाह मिनिटाला 6 ते 8 लिटरपर्यंत जातो. दोघांच्या मागण्या एकाच वेळी पूर्ण करण्याएवढं हृदयाचं सामर्थ्य नसतं.

हे आकड्यांत मांडून दाखवता येईल का?

येईल, आणि एकदा करून पाहण्यासारखं आहे. सपाट रस्त्यावर पळताना दर किलोमीटरला वजनाच्या दर किलोमागे साधारण 1 किलोकॅलरी लागते. आपल्या धावपटूचे तासाला 600 किलोकॅलरी होतात. त्यातली साधारण 480 उष्णता होते असं धरू, म्हणजे मिनिटाला 8. ही उष्णता अजिबात बाहेर पडली नाही, तर 60 किलोचं शरीर साधारण सहा मिनिटांत एक अंशाने तापेल. एवढा हा वेग मोठा आहे.

आता रक्ताकडे पाहू. एक लिटर रक्त एका अंशाच्या फरकामागे सुमारे 0.9 किलोकॅलरी वाहून नेतं. हा फरक म्हणजे शरीराच्या आतलं तापमान वजा त्वचेचं तापमान. थंड, कोरड्या सकाळी आत 38.5 अंश आणि त्वचा 31 अंश असेल, तर फरक साडेसात अंशांचा पडतो. प्रत्येक लिटर जवळजवळ 7 किलोकॅलरी सोडून येतो, म्हणून त्वचेला मिनिटाला सव्वा लिटरच्या आसपास रक्त पुरतं.

तोच धावपटू दमट, उष्ण हवेत पळतोय आणि त्याची त्वचा 36.5 अंशांवर गेली आहे असं समजा. फरक उरला दोन अंशांचा. आता तीच उष्णता बाहेर न्यायला मिनिटाला जवळजवळ साडेचार लिटर रक्त त्वचेतून फिरवावं लागेल. वेग तोच आणि उष्णताही तेवढीच, पण त्वचेची मागणी साडेतीन पटींहून जास्त वाढली. या वेगाला स्नायूंना लागणारं रक्त साधारण 11 ते 12 लिटर आहे. त्यात त्वचेची ही वाढीव मागणी आणि मेंदू, हृदय वगैरे अवयवांचा वाटा मिळवला की बेरीज हृदयाच्या कमाल मर्यादेला टेकायला लागते.

म्हणून गरम हवेत हवेच्या तापमानापेक्षा त्वचेच्या तापमानाकडे लक्ष द्या. त्वचा थोडी गार ठेवता आली, तर थोड्या रक्तात जास्त उष्णता बाहेर जाते.

त्वचेला हे जास्तीचं रक्त मिळतं कुठून?

आधी हृदय वेग वाढवतं. दुसरा वाटा आतडी, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या रक्तातून काढला जातो. विश्रांतीच्या वेळी या अवयवांना मिळून मिनिटाला अडीच लिटरच्या आसपास रक्त जातं. व्यायामात ते कमी होतं आणि उष्णतेत आणखी कमी. लांब पल्ल्यात पोटात ढवळणं, जेल किंवा केळं घशाशी येणं, पळून झाल्यावर कितीतरी वेळ लघवी न होणं यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. आतड्यांना रक्त कमी मिळत असताना एकदम अर्धा लिटर पाणी किंवा दाट गोड पेय घेतलं तर ते पोटात नुसतं डचमळत राहतं. गरम दिवशी प्रत्येक घोट लहान असावा आणि पेय पातळ असावं, हा सल्ला त्यातूनच आला आहे.

मग गरमीत पाय जड होतात ते स्नायूंचं रक्त त्वचेने पळवल्यामुळे का?

ही समजूत फार पसरलेली आहे, पण नेहमीच्या वेगासाठी ती खरी नाही. बोलता येईल अशा मध्यम वेगात, अंगात पुरेसं पाणी असताना, उष्णतेतही पायांच्या स्नायूंना मिळणारं रक्त फारसं घटत नाही. तडजोड त्वचेला करावी लागते. व्यायाम चालू असताना आतलं तापमान 38 अंशांच्या आसपास पोचलं, की त्वचेचा प्रवाह वाढायचा जवळजवळ थांबतो, तोही तिच्या कमाल क्षमतेच्या साधारण निम्म्यावरच. रक्तदाब टिकवणं शरीराला सगळ्यांत महत्त्वाचं असतं. त्वचेच्या वाहिन्या आणखी उघडल्या तर दाब कोसळून मेंदूचं रक्त कमी होईल, म्हणून शरीर त्या उघडू देत नाही. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले लोरिंग रोवेल यांनी 1960 आणि 70 च्या दशकांत व्यायाम आणि उष्णता एकत्र आल्यावर रक्ताची वाटणी कशी बदलते यावर पायाभूत काम केलं.

याचा परिणाम नीट समजून घ्यायला हवा. पाय चालत राहतात, पण उष्णता बाहेर पडायचा रस्ता अरुंद झालेला असतो, त्यामुळे आतलं तापमान चढत राहतं. पाय जड वाटणं, वेग आपोआप घटणं यात या वाढत्या तापमानाचा आणि मेंदूने हात आखडता घेण्याचा मोठा वाटा असतो. स्नायूंचं रक्त खरोखर घटतं ते दोन परिस्थितींत: वेग कमाल क्षमतेच्या जवळ गेला तर, किंवा घामाने शरीरातलं पाणी बरंच कमी झालं असतानाही तोच वेग ताणून धरला तर.

वेग तोच असूनही अर्ध्या तासानंतर हृदयाचे ठोके का चढत जातात?

सुरुवातीला आपल्या धावपटूचं हृदय एका ठोक्यात 100 मिलिलिटर रक्त फेकतंय आणि मिनिटाला 155 ठोके पडतायत असं धरा. एकूण प्रवाह झाला साडेपंधरा लिटर. दहा-पंधरा मिनिटांनंतर त्वचेतल्या वाहिन्या उघडतात. त्वचेखालच्या शिरा सैल असल्यामुळे तिथे रक्त साठून राहतं आणि हृदयाकडे कमी परततं. भरीला घामामुळे रक्तातलं पाणी कमी होतं. हृदय पूर्वीइतकं भरत नाही. शरीर तापल्यामुळे ठोक्यांचा वेगही वाढतो आणि दोन ठोक्यांमधली भरायची सवड आणखी कमी होते. एका ठोक्यातलं रक्त 90 मिलिलिटरवर आलं, तर तोच साडेपंधरा लिटरचा प्रवाह ठेवायला 172 ठोके लागतात.

घड्याळावर दिसतात ते हेच जादाचे 17 ठोके. तंदुरुस्ती घटल्याची ती खूण नाही. पण ते ठोके खरे आहेत आणि हृदयाचं काम खरंच वाढलेलं आहे. म्हणून उष्ण दिवशी किलोमीटरच्या वेळेवर चिकटून पळू नका, ठोक्यांची मर्यादा धरून पळा. मर्यादा 160 ठरवली असेल, तर ठोके तिच्यापुढे गेल्यावर वेग कमी करायचा किंवा मिनिटभर चालायचं.

वेग कमी केल्याने मिळणारा फायदा लगेच दिसतो. 10 वरून साडेआठच्या वेगावर आलं, की मिनिटाला तयार होणारी उष्णता 8 वरून 6.8 किलोकॅलरीवर येते आणि त्वचेची मागणी त्याच प्रमाणात घटते. टोपी, पाणी, बर्फ हे सगळं उपयोगी आहे. पण उष्णता तयार होतानाच ती कमी करणारा उपाय हा एकच आहे.

घाम रक्तातूनच येतो का?

हो. घामग्रंथी आजूबाजूच्या द्रवातून पाणी घेतात आणि त्या द्रवाची भरपाई रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा करतो. घाम रक्तापेक्षा कमी खारट असतो, त्यामुळे पाणी जास्त जातं आणि मीठ तुलनेने मागे राहतं. रक्ताचं आकारमान घटतं आणि त्यातली क्षारता वाढते. दोन्ही बदलांमुळे त्वचेचा प्रवाह आणि घामाचा वेग कमी होतो. एकूण पाहिलं तर घाम शरीर गार करतो, पण त्यासाठी लागणारं रक्त हळूहळू कमी करत जातो. शरीराचं वजन घामाने एक टक्का घटलं, की ठोके साधारण 3 ते 5 ने वाढतात आणि आतलं तापमान 0.1 ते 0.2 अंशाने जास्त चढतं.

नागपूरच्या 38 अंशांत पळणं कठीण की मुंबईच्या 30 अंशांत?

थर्मामीटर पाहून याचं उत्तर देता येत नाही. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण टपकून रस्त्यावर पडलेला घाम काहीच नेत नाही. तो किती वाळेल हे ओल्या त्वचेवरचा बाष्पदाब आणि हवेतला बाष्पदाब यांच्या फरकावर ठरतं. 35 अंशांच्या ओल्या त्वचेवर हा दाब 5.6 किलोपास्कल असतो. मुंबईत 30 अंश आणि 75 टक्के आर्द्रता असेल, तर हवेत 3.2 किलोपास्कल आधीच भरलेले असतात. फरक 2.4 चा. नागपुरात 38 अंश आणि 20 टक्के आर्द्रता असेल, तर हवेत फक्त 1.3 असतात आणि फरक 4.3 चा पडतो. विदर्भात माठातलं पाणी गार होतं आणि कोकणच्या दमट हवेत तेवढं होत नाही, त्याचं कारणही हेच.

मुंबईत घाम गळतो, पण वाळत नाही. त्वचा गरमच राहते आणि आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक आटतो. मग त्वचा जास्त रक्त मागते आणि वर सांगितलेलं सगळं गणित लवकर सुरू होतं. नागपुरात त्वचा तुलनेने गार राहते, पण हवा त्वचेहून गरम असल्याने बाहेरून उष्णता आत येते आणि ऊन असेल तर आणखी. तिथे धोका वेगळा आहे. घाम लगेच वाळल्यामुळे किती पाणी गेलं ते कळतच नाही, बनियन कोरडी दिसते आणि मिठाची पांढरी रेघ तेवढी उरते. मुंबईत पळणाऱ्याने आधी वेग सांभाळावा, नागपुरात पळणाऱ्याने आधी पाणी आणि सावली.

घाम सारखा पुसावा का?

अंगावर पातळ थर असेल तर पुसू नका, तो वाळणारच आहे. धारा लागल्या असतील तर पुसल्याने तोटा नाही. डोळ्यांत जाणारा घाम जरूर पुसा.

पाणी किती प्यायचं?

सगळ्यांना चालेल असा एक आकडा नाही, कारण घामाचा वेग माणसागणिक बदलतो. स्वतःचा आकडा काढायला वजनकाटा पुरतो. पळायच्या आधी लघवी करून, कपडे काढून वजन करा. नेहमीच्या वेगाने एक तास पळा आणि मध्ये किती पाणी प्यालात ते मोजा. आल्यावर अंग पुसून पुन्हा तसंच वजन करा. मधे लघवीला गेला असाल तर हा हिशेब चुकतो, त्या दिवशीचा आकडा धरू नका.

आपल्या धावपटूचं वजन 60.0 वरून 59.1 किलो झालं आणि त्याने 300 मिलिलिटर पाणी प्यालं. घाम गेला तासाला 1.2 लिटर. आता त्याला अशाच हवेत दोन तास पळायचं आहे. एकूण घाम 2.4 लिटर. वजनातली घट दोन टक्क्यांच्या आत, म्हणजे 1.2 किलोपर्यंत ठेवायची, तर त्याला दोन तासांत 1.2 लिटर प्यायला हवं. दर 15 मिनिटांना 150 मिलिलिटर, एक छोटा पेला. एवढं पोट सहज पुढे सरकवू शकतं. गेलेला सगळा घाम पळतानाच भरून काढायची गरज नाही.

हाच प्रयोग दमट आणि कोरड्या दिवशी वेगवेगळा करा, आकडे बरेच वेगळे येतील.

पळून आल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यालात. ही किरकोळ गोष्ट नाही. रक्तातलं सोडियम पातळ होऊन डोकेदुखी, उलट्या, गोंधळ आणि झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. चार-पाच तास हळू पळणारे आणि प्रत्येक टेबलापाशी थांबून पाणी पिणारे यात जास्त सापडतात.

मिठाचं काय?

एक लिटर घामात साधारण अर्धा ते पावणेदोन ग्रॅम सोडियम जातं. तासाभराच्या धावण्यासाठी नेहमीचं जेवण पुरतं. दोन तासांपुढे, किंवा कपड्यांवर पांढरे डाग पडत असतील तर, पाण्याऐवजी ओआरएस किंवा मीठ-साखर-लिंबाचं सरबत घ्यावं. मिठाच्या कोरड्या गोळ्या गिळू नका, पोट बिघडतं. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

डोक्यावर पाणी ओतल्याने खरंच फायदा होतो, की नुसतं बरं वाटतं?

दोन्ही. पाणी त्वचेचं तापमान उतरवतं, आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक वाढतो आणि त्वचेची रक्ताची मागणी घटते. शिवाय अंगातलं पाणी खर्च न होता ओलावा मिळतो, म्हणून कोरड्या हवेत याचा फायदा जास्त. नुसत्या डोक्यावर ओतण्यापेक्षा मान, हात आणि मांड्याही भिजवा, कारण परिणाम किती त्वचा भिजली त्यावर ठरतो. धोका इतकाच की गार वाटल्यामुळे आतलं तापमान उतरलं असा भास होतो आणि माणूस वेग वाढवतो.

शर्यत संपवून थांबल्याबरोबर चक्कर का येते?

पळताना पोटऱ्या आणि मांड्या प्रत्येक पावलाला शिरा दाबून रक्त वर ढकलत असतात. एकदम थांबलं की हा पंप बंद पडतो. त्वचेच्या आणि पायांच्या वाहिन्या मात्र अजून उघड्याच असतात. रक्त पायांत साचतं, दाब पडतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून अंतिम रेषेनंतर पाच-दहा मिनिटं चालत राहावं. कुणी खाली बसलाच तर त्याला सावलीत आडवं करून पाय वर उचलून धरावेत. काही मिनिटांत माणूस नीट बोलायला लागला, तर बहुधा एवढंच होतं.

ही साधी चक्कर आहे की उष्माघात, हे कसं ओळखायचं?

वागण्यावरून. पाय वर करूनही माणूस असंबद्ध बोलतोय, चिडतोय, तारीख किंवा ठिकाण सांगता येत नाही, तोल जातोय किंवा शुद्ध हरपतेय, तर तो उष्माघातच समजा. आतलं तापमान 40 अंशांच्या वर गेलेलं असतं. काखेतला किंवा कपाळावरचा थर्मामीटर अशा वेळी फसवतो, कारण त्वचा भिजलेली असते. तो 38 दाखवतोय म्हणून थांबू नका. त्वचा कोरडी पडण्याचीही वाट पाहू नका. व्यायामातल्या उष्माघातात माणूस बऱ्याचदा घामाने निथळत असतो.

108 ला फोन लावा आणि त्याच क्षणी गार करायला सुरुवात करा. गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवणं हा सगळ्यांत वेगवान उपाय आहे. डोकं पाण्याबाहेर धरायला एक माणूस सतत हवा. टब नसेल तर नळीने सगळ्या अंगावर पाणी सोडा, बर्फाच्या पाण्यात भिजवलेले टॉवेल अंगभर टाका, दर दोन-तीन मिनिटांना बदला आणि वारा घाला. थंड पाण्याने त्वचेच्या वाहिन्या आक्रसून उष्णता आत कोंडते, अशी भीती घातली जाते. ती धरू नका. पाण्यात उष्णता इतक्या वेगाने जाते की वाहिन्या आक्रसल्या तरी तापमान झपाट्याने उतरतं. पहिल्या अर्ध्या तासात तापमान 39 च्या खाली आणणं हे जीव वाचण्यासाठी निर्णायक असतं, म्हणून आधी गार करा आणि मग हलवा. शुद्धीत नसलेल्या माणसाला तोंडाने पाणी पाजू नका.

गरमीची सवय होते ती नेमकी कशाची?

मुख्यतः रक्ताच्या आकारमानाची. रोज 60 ते 90 मिनिटं उष्णतेत हलका व्यायाम केला, तर पहिल्या चार-पाच दिवसांतच प्लाझ्मा वाढतो. हृदय पुन्हा नीट भरतं आणि त्याच वेगाला ठोके कमी पडतात. आठवडा ते दोन आठवड्यांत घाम लवकर सुटायला लागतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. त्वचा जास्त गार राहते, म्हणून तिला रक्त कमी लागतं. महाबळेश्वरला सराव करून मुंबईत शर्यत पळणाऱ्याने हे दहा-चौदा दिवस हाताशी ठेवावेत. पहिल्या तीन दिवसांत वेगाचा सराव करू नका, तेव्हा उष्माघाताचा धोका सगळ्यांत जास्त असतो. उष्णतेपासून दूर राहिलं तर ही सवय साधारण तीन-चार आठवड्यांत बरीचशी ओसरते. घामाचा वेग वाढलेला असतो, त्यामुळे वजनकाट्याचा प्रयोग सवय झाल्यावर पुन्हा करावा लागतो.

कुठली औषधं यात अडथळा आणतात?

बीटा-ब्लॉकर हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत आणि त्वचेचा प्रवाहही कमी करतात. ही गोळी घेणाऱ्याने घड्याळावरच्या ठोक्यांवर विसंबू नये, दम किती लागतोय त्यावर वेग ठरवावा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या रक्तातलं पाणी आधीच कमी करतात. सर्दीवरची काही जुनी औषधं घाम कमी करतात. ताप किंवा जुलाब होऊन गेल्यावर तर दोन-तीन दिवस उष्णतेत पळूच नये. यातली कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका. पळण्याची वेळ आणि वेग बदला, आणि गोळीबद्दल डॉक्टरांशी बोला.

घरात ट्रेडमिलवर पळलं तर हा प्रश्न सुटतो का?

पंखा नसेल तर उलट वाढतो. रस्त्यावर तासाला 10 किलोमीटरने पळताना तेवढाच वारा अंगावर येतो आणि त्वचेजवळची दमट हवा हटत राहते. ट्रेडमिलवर माणूस जागच्या जागी असतो, म्हणून ती हवा अंगाभोवती साचते आणि घाम नुसता पट्ट्यावर टपकतो. छताच्या पंख्याचा वारा तिथवर नीट पोचत नाही. उभा पंखा समोर, छातीच्या उंचीवर ठेवा आणि खिडकी उघडी असू द्या.